नऊशे वीस रुपयांचा दिवस

रात्री साडेदहाला एखाद्या हॉटेलच्या पायरीपाशी ऑर्डरची वाट बघत उभ्या असलेल्या रायडरला विचारा, ‘दिवसाला किती सुटतात?’ तो मोबाईलची स्क्रीन बघून सांगेल, ‘आज नऊशे झाले.’ उत्तर खरं असतं. फक्त ते ‘किती जमा झाले’ या प्रश्नाचं असतं. ‘किती सुटले’ याचं उत्तर बहुतेक रायडरकडे नसतं, आणि ‘तासाला किती सुटले’ याचं तर नसतंच. त्यासाठी लागणारे दोन आकडे कुठलंही ॲप त्याला सरळ दाखवत नाही. एक म्हणजे तो घराबाहेर किती वेळ होता, आणि दुसरा म्हणजे गाडी एकूण किती किलोमीटर पळाली.

हे गणित अवघड नाही. पाचवीतला भागाकार पुरतो. खरी मेख आहे ती कशाला कशाने भागायचं यात.

पुण्यातला एक दिवस घेऊ. आपला रायडर नऱ्ह्याकडे राहतो, कारण भाडं तिथलं परवडतं. काम करतो कोथरूड-कर्वे रोडच्या पट्ट्यात, कारण ऑर्डरी तिथे पडतात. अंतर एका बाजूने आठ किलोमीटर. सकाळी साडेदहाला तो निघतो आणि अकराला लॉगिन करतो. दुपारच्या जेवणाची गर्दी ओसरली की साडेतीनला लॉगआउट करतो. साडेसहाला पुन्हा लॉगिन, अकराला बंद, साडेअकराला घरी. म्हणजे लॉगिनचे नऊ तास आणि घराबाहेरचे तेरा. दिवसभरात सोळा ऑर्डरी झाल्या, सरासरी ४५ रुपयांच्या; त्याचे ७२० झाले. सोळा पूर्ण केल्याचा इन्सेंटिव्ह २०० मिळाला. स्क्रीनवर ९२० रुपये. हे आकडे उदाहरणासाठी जुळवलेले आहेत, पण हवेतले नाहीत. नऊ तासांनी भागले तर तासाला १०२ रुपये येतात, आणि हा आकडा मुद्दाम तसा ठेवला आहे. झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी जानेवारी २०२६ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं, की २०२५ साली त्यांच्या रायडरची टीप सोडून सरासरी कमाई तासाला १०२ रुपये होती, आदल्या वर्षी ती ९२ होती. या तासांत ऑर्डरची वाट बघण्याचा वेळही धरला आहे, असं त्यांनी स्पष्ट केलं होतं. तेव्हा कंपनीच्याच आकड्यापासून सुरुवात करू आणि तो कुठवर टिकतो ते पाहू.

आधी वेळेची फोड करू. ऑर्डर स्वीकारल्यापासून ती गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत सरासरी २५ मिनिटं गेली असं धरू. हॉटेलपर्यंत पोचायला चार, पार्सल हातात यायला सहा, रस्त्यावर अकरा, आणि शेवटची चार मिनिटं सोसायटीच्या गेटवर नाव लिहिण्यात, लिफ्टची वाट बघण्यात, बी विंग शोधण्यात. सोळा ऑर्डरींचे झाले ४०० मिनिटं, म्हणजे सहा तास चाळीस मिनिटं. फक्त याच वेळाने ९२० ला भागलं, तर तासाला १३८ रुपये येतात. भरतीच्या जाहिरातीत असले आकडे शोभून दिसतात.

पण लॉगिन नऊ तासांचं होतं. उरलेली १४० मिनिटं कुठे गेली? आपण म्हणतो, बसून होता. खरं तर त्यातला बराच वेळ तो बसलेला नसतो. वारज्याच्या आतल्या गल्लीत पार्सल देऊन झालं, की तिथे थांबून दुसरी ऑर्डर पडत नाही. जिथे हॉटेलं आहेत तिथे परत यावं लागतं. दर ऑर्डरमागे असा दीड किलोमीटर आणि पाच मिनिटं धरली, तरी ८० मिनिटं आणि २४ किलोमीटर होतात. या ८० मिनिटांत गाडी चालू असते, पेट्रोल जळत असतं, सिग्नलला धूर खावा लागतो, आणि ॲपच्या लेखी तो रिकामा असतो. खरोखर थांबलेला वेळ उरतो तासाभराचा. रिकामा वेळ फुकट जातो हे सगळ्यांना कळतं. तो खिशातून पैसेही काढतो, हे पेट्रोल पंपावर कळतं.

आता एक बारीक पण मजेशीर हिशेब. गिऱ्हाइकाचं जेवण पाठीवर घेऊन गाडी प्रत्यक्ष पळाली ती सोळा गुणिले अकरा, म्हणजे १७६ मिनिटं. तीन तासही नाहीत. आपल्याला रस्त्यावर दिसतो तो हाच रायडर, घाईतला, सिग्नल तोडणारा. तेरा तासांतले दहा तास तो आपल्याला दिसतच नाही.

भागायला कोणता आकडा घ्यायचा, यावर जगभर भांडण आहे, आणि ते निव्वळ हिशेबाचं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०२० साली मतदानाने ‘प्रॉपोझिशन २२’ मंजूर केलं. त्यात चालकांना किमान वेतनाच्या १२० टक्के कमाईची हमी आहे. ऐकायला भरभक्कम वाटतं. पण ही हमी फक्त ऑर्डर किंवा फेरी हातात असतानाच्या वेळेला लागू होते. वाट बघण्याचा वेळ शून्य धरला आहे. न्यूयॉर्क शहराने उलटी वाट धरली. हॉटेलातून घरी जेवण पोचवणाऱ्या ॲपच्या रायडरसाठी तिथे डिसेंबर २०२३ पासून तासाला १७.९६ डॉलरचा किमान दर आला, आणि तो ठरवताना थांबण्याचा वेळही हिशेबात घेतला गेला. लंडनमध्ये उबरच्या चालकांच्या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी निकाल दिला, की चालक आपल्या परवान्याच्या हद्दीत ॲप चालू ठेवून फेरी घ्यायला तयार असेल, तर तो कामावरच आहे. एकाच तऱ्हेचं काम. पण कॅलिफोर्नियाच्या पद्धतीने मोजलं तर आपल्या रायडरचे तासाला १३८ आणि न्यूयॉर्कच्या पद्धतीने १०२.

आपल्याकडे लॉगिनचा वेळ धरायला कंपनीनेही हरकत घेतलेली नाही, हे बरंच आहे. माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. लॉगिनही पुरेसं नाही.

घरून झोनपर्यंत जायचा-यायचा एक तास मिळवला, तर दहा तास होतात. नोकरदारही घरून ऑफिसला जातोच, त्याचा वेळ कुठे धरतात, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण त्याला बस-लोकलचा पास पुरतो. इथे जाण्यायेण्याचे सोळा किलोमीटर कमाईच्याच गाडीवर पडतात. आणि मधल्या तीन तासांचं काय? तो घरी जाऊन झोपला, तर ते त्याचे. पण घरी जायचं तर आणखी सोळा किलोमीटरचं पेट्रोल जातं, म्हणून तो झाडाखाली गाडीवरच आडवा होतो, चार्जिंगला फोन लावायला ओळखीच्या टपरीवर बसतो. मी इथे एकच कसोटी लावतो: संध्याकाळी लॉगिन करायचं नसतं, तर हा माणूस या वेळी इथे असता का? नसता. मग तो वेळ कामाच्या खात्यात गेला. ज्यांना हे जास्त वाटतं, त्यांनी दहा तासच धरावेत. मी दोन्ही आकडे देतो.

वेळेचं झालं. आता किलोमीटर. सोळा ऑर्डरी, हॉटेलपासून गिऱ्हाइकापर्यंत सरासरी साडेतीन किलोमीटर, म्हणजे ५६. ऑर्डर पडल्यापासून हॉटेलपर्यंत प्रत्येकी सव्वाच्या आत, म्हणजे १९. रिकामं परतण्याचे २४ आणि घरचे १६. बेरीज ११५. म्हणजे पार्सलसकट पळालेले किलोमीटर एकूण धावेच्या निम्मेही नाहीत. ॲपवरची ऑर्डरीची अंतरं जोडून जो पेट्रोलचा हिशेब मांडतो, तो निम्म्यावरच फसतो. हिशेब गाडीच्या मीटरवरून करायचा असतो, सकाळचा आकडा आणि रात्रीचा आकडा.

गर्दीच्या रस्त्यावर स्कूटरने लिटरला ४५ किलोमीटर दिले आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर किलोमीटरला दोन रुपये तेहेतीस पैसे पडतात, दिवसाचे २६८. इथवर रायडर स्वतःच सांगतो, कारण हे पैसे रोज हातातून जातात. ‘पेट्रोल जाऊन साडेसहाशे राहतात,’ हे त्याचं दुसरं उत्तर. तेही खरं, आणि तेही अपुरं.

कारण गाडी झिजते. महिन्याला सव्वीस दिवस ११५ किलोमीटर म्हणजे जवळपास तीन हजार किलोमीटर. घरगुती वापराची स्कूटर एवढं चालायला सहा-सात महिने घेते. म्हणजे याला सर्व्हिसिंग आणि ऑईल दर महिन्याला. त्याचे ९०० रुपये धरले, तर किलोमीटरला तीस पैसे. टायरचा जोड अठरा हजार किलोमीटरला ३,६०० रुपयांचा, म्हणजे वीस पैसे. ब्रेक शू, बेल्ट, बॅटरी, पंक्चर मिळून आणखी वीस. आणि सगळ्यांत मोठी, न दिसणारी रक्कम गाडीचीच. ९५ हजारांना घेतलेली स्कूटर अडीच वर्षांत नव्वद हजार किलोमीटर पळून ३२ हजारांना गेली, तर ६३ हजार रुपये रस्त्यावर सांडले. किलोमीटरला सत्तर पैसे. सगळं मिळून एक रुपया चाळीस पैसे, दिवसाचे १६१. फोनचा रिचार्ज, फोनची झीज आणि गाडीचा विमा मिळून रोजचे ३१ धरू.

२६८, १६१ आणि ३१. बेरीज ४६०. स्क्रीनवर होते ९२०. बरोबर अर्धे गेले.

उरलेल्या ४६० ना लॉगिनच्या नऊ तासांनी भागलं, तर तासाला ५१ रुपये. जाण्यायेण्यासकट दहा तासांनी, ४६. मधला वेळ धरून तेरा तासांनी, ३५. सुरुवात १३८ पासून झाली होती, हे ध्यानात असू द्या. माणूस तोच, दिवस तोच.

इथे कंपनीची बाजू नीट ऐकली पाहिजे. गोयल यांच्या त्याच मांडणीत दिवसाला दहा तास आणि महिन्याला सव्वीस दिवस काम केल्यास सुमारे २६,५०० रुपये, आणि इंधन-देखभालीचे वीस टक्के जाऊन सुमारे २१ हजार हातात, असा हिशेब होता. आपल्या उदाहरणात वीस टक्के म्हणजे १८४ रुपये. तेवढ्यात पेट्रोलही भागत नाही, गाडीची झीज तर दूरच. मग खोटं कोण? कुणीच नाही. ज्याचं घर झोनमध्येच आहे, जो लिटरला साठ किलोमीटर देणारी मोटरसायकल चालवतो, ज्याच्या ऑर्डरी दोन किलोमीटरच्या आत संपतात, त्याचं वीस-पंचवीस टक्क्यांत भागू शकतं. घरी चार्ज होणारी स्वतःची इलेक्ट्रिक स्कूटर असली, तर इंधनाचा खर्च बराच उतरतो. मात्र तीच भाड्याने घेतली, तर वाचलेलं पेट्रोल भाड्यात जातं. टक्केवारी हे या खर्चाचं मापच नव्हे. खर्च कमाईच्या प्रमाणात वाढत नाही, किलोमीटरच्या प्रमाणात वाढतो. ज्या दिवशी दर किंवा इन्सेंटिव्ह घटतो, त्या दिवशी कमाई उतरते आणि पेट्रोल होतं तिथेच राहतं.

तुलनेला एक आकडा हवा असेल, तर केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या आस्थापनांत सफाईसारखी अकुशल कामं करणाऱ्यांचं किमान वेतन १ ऑक्टोबर २०२४ पासून ‘अ’ वर्गाच्या शहरांत दिवसाला ७८३ रुपये होतं. आठ तासांचे, म्हणजे तासाला ९८. आणि त्यांना झाडूत पेट्रोल घालावं लागत नाही. रायडरला हा कायदा लागू नाही, कारण कागदोपत्री तो ‘पार्टनर’ आहे. २१ नोव्हेंबर २०२५ ला अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगाराला कायद्यात नाव दिलं, कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के हिस्सा त्यांच्या कल्याणनिधीत टाकावा असंही ठरवलं. पण तासाला किमान किती, यावर ती काही बोलत नाही.

झिजेचे ते १६१ रुपये जास्त घातक आहेत, कारण ते आज जात नाहीत. रायडरच्या हातात रोज साडेसहाशे येतात, तो ते कमाई समजून घरात देतो. महिन्याला अशी चार हजारांवर रक्कम गाडीतून काढून खाल्ली जाते. मग एका पावसाळ्यात इंजिनचं काम निघतं, आणि तो म्हणतो, ‘अचानक खर्च आला.’ अचानक काहीच आलेलं नसतं. इथे एक सावधगिरीही सांगतो: गाडी हप्त्यावर असेल, तर हप्ता आणि झीज दोन्ही वजा करू नका. मुद्दल आणि झीज हा एकच खर्च आहे. वर फक्त व्याज मिळवायचं.

सरासरी मात्र फार काही लपवते. रात्री आठ ते दहाचे तास आणि दुपारी अडीच ते साडेतीनचा तास यांची सरासरी काढून उपयोग नाही. समजा, त्या दुपारच्या तासात एकच ऑर्डर पडली. ४५ रुपये आले. हॉटेल, गिऱ्हाईक आणि परत मिळून सव्वासहा किलोमीटर झाले, त्याचे पेट्रोल-झिजेसकट २३ गेले. तासाला २२ रुपये सुटले. मग तो त्या वेळी लॉगआउट का करत नाही? इन्सेंटिव्हसाठी. चौदा ऑर्डरी झाल्या आहेत, सोळा झाल्या की २०० मिळणार. तेव्हा शेवटच्या दोन ऑर्डरींची किंमत ९० नसते, २९० असते. त्यासाठी माणूस तासभर कुठेही उभा राहतो. दुसरी पडली तर तो दिवसाचा उत्तम तास, नाही पडली तर सगळ्यांत वाईट. इन्सेंटिव्ह दिला जातो ऑर्डरींच्या नावाने, पण विकत घेतली जाते ती रायडरची हजेरी. जितके जास्त रायडर उभे, तितकं गिऱ्हाइकाला जेवण लवकर, आणि तितकी प्रत्येकाच्या वाट्याला ऑर्डर उशिरा. उभं राहण्याचा खर्च रायडरचा असल्यामुळे कंपनीला जादा रायडर महाग पडत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये तो खर्च कंपन्यांवर पडला, तेव्हा मागणी कमी असताना लॉगिनवर मर्यादा यायला लागल्या. सगळ्यांनाच ते आवडलं असं नाही, पण उभ्या माणसाला किंमत आली की काय होतं ते दिसलं.

स्वतःचा हिशेब काढायचा असेल, तर आठवडाभराची वही पुरे. एका दिवसावरून काहीच कळत नाही, कारण रविवार आणि पावसाचा दिवस चित्र बदलून टाकतात. घर सोडताना आणि परतल्यावर मीटर आणि घड्याळ, एवढ्या चारच नोंदी रोज. दोन ॲप एकाच वेळी चालू असतील, तर दोन्हींचे लॉगिन तास जोडू नयेत. घड्याळ एकच आहे. एका फेरीत दोन ऑर्डरी मिळाल्या, तर वेळ एकदाच धरावा. आणि जमा रक्कम स्क्रीनवरून नव्हे, बँकेच्या पासबुकावरून घ्यावी, कारण बॅग-टीशर्टचे हप्ते, रोख भरण्यातली तूट अशा वजावटी मधेच कुठेतरी होतात. आठवड्याची जमा घ्या, मीटरच्या किलोमीटरला पावणेचार रुपयांनी गुणून ते त्यातून काढा, फोन-विम्याचे दीड-दोनशे काढा, आणि उरेल त्याला घराबाहेरच्या तासांनी भागा. मोटरसायकल असेल, तर पावणेचारऐवजी तीनच्या आसपास धरा.

त्या वहीतून कोणता झोन सोडायचा, दुपारी लॉगिन ठेवायचं की मंडईत दुसरं काही काम बघायचं, लांबच्या ऑर्डरीचा जादा दर परतीच्या रिकाम्या किलोमीटरना पुरतो का, हे ठरवता येतं. दर मात्र वहीने वाढत नाही.

गिऱ्हाईक म्हणून आपल्या हातात त्या पंचवीसपैकी शेवटची चार मिनिटं आहेत. दुपारी तीनला आपण त्यातली दोन वाचवली, तर त्याचा फारसा फायदा नाही. वाचलेली मिनिटं वाट बघण्यातच जातील. रात्री साडेआठला मात्र ऑर्डरींची रांग लागलेली असते, आणि तेव्हा प्रत्येक गेटवर दोन मिनिटं वाचली तर दोन तासांत आठ-दहा मिनिटं निघू शकतात. जमत असेल, तर त्या वेळेला खाली गेटवर येऊन पार्सल घ्या. आणि सोसायटीच्या सभेत कुणी डिलिव्हरीवाल्यांना लिफ्ट बंद करण्याचा ठराव मांडला, तर त्याच्या विरोधात हात वर करा.